टेबलावर पुस्तक, पुस्तक टेबलावर

'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही दोन मराठी वाक्ये वरवर सारखी दिसतात, पण ती एकाच प्रसंगी बोलली जात नाहीत. टेबलावर काय आहे असे कोणी विचारले तर पहिले वाक्य येते. पुस्तक कुठे आहे असे विचारले तर दुसरे. पहिल्या वाक्यातले पुस्तक ऐकणाऱ्याला नवे असते, दुसऱ्यातले त्याला आधीपासून ठाऊक असते. इंग्रजीत पहिले वाक्य 'देअर इज ए बुक ऑन द टेबल' असे होते आणि दुसरे 'द बुक इज ऑन द टेबल' असे. मराठी जे काम शब्दांची जागा बदलून करते, तेच काम इंग्रजी 'ए' आणि 'द' या दोन चिमुकल्या शब्दांकडून करून घेते. शाळेच्या व्याकरणात या शब्दांना उपपदे म्हणतात.

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून मराठी मुलांच्या इंग्रजीत ती गळतात, असे सरसकट सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. नवे आणि ओळखीचे हा भेद मराठी मूल जन्मापासून करत असते, फक्त तो त्याला कधी दाखवून दिलेला नसतो. 'साहेब ड्रायव्हर शोधताहेत' म्हटले की नोकरीची जाहिरात डोळ्यांपुढे येते. 'साहेब ड्रायव्हरला शोधताहेत' म्हटले की गाडी दारात उभी आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. एका 'ला'ने अनोळखी माणूस ओळखीचा झाला. इंग्रजीत पहिला 'ए ड्रायव्हर', दुसरा 'द ड्रायव्हर' किंवा 'हिज ड्रायव्हर'. उपपदांची शिकवणी इथून सुरू झाली तर नियमांची यादी बरीच आखूड होते.

'ए' की 'द' याचा निवाडा करणारा प्रश्न मराठीतलाच आहे: 'कोणता?' वाक्यातल्या नामापाशी थांबायचे आणि वाचणाऱ्याच्या जागी बसून विचारायचे, 'कोणता?' वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तर 'द'. ठाऊक नसेल आणि वस्तू एकच असेल तर 'ए'. इथे पुष्कळ विद्यार्थी घसरतात, कारण ते हा प्रश्न स्वतःला विचारतात. 'यस्टरडे आय बॉट द सायकल' असे लिहिणाऱ्याला सायकल कोणती ते पक्के माहीत असते, ती त्याच्याच अंगणात उभी असते. वाचणाऱ्याने मात्र ती पाहिलेली नसते. म्हणून तिथे 'ए सायकल' हवे. पुढच्या वाक्यात त्याच सायकलचा रंग सांगायचा असेल तेव्हा ती 'द सायकल' होते, कारण आता दोघांची ओळख झालेली आहे.

ओळख नेहमी आधीच्या उल्लेखानेच होते असे नाही. घराबद्दल बोलणे चालले असेल तर 'द किचन' पहिल्याच वेळी चालते, कारण घर म्हटले की स्वयंपाकघर आलेच. 'द सन', 'द हेडमास्टर', 'द टाउन हॉल' यांचेही तसेच. त्या जागी, त्या गावात ती गोष्ट एकच असते आणि 'कोणता?' हा प्रश्नच उठत नाही. सर्वांत उंच, सर्वांत जुना अशा रचनांत 'द' का येतो, हेही यावरूनच कळते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर एकच असणार, म्हणून 'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र'. याच वाक्यात 'ऑफ महाराष्ट्र' लिहिण्याची सवय मराठीतल्या 'महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर' या षष्ठीतून आलेली असते.

उघडे नाम

'कोणता?' या प्रश्नाने 'ए' आणि 'द' यांतली निवड होते. त्याआधी एक पायरी आहे आणि सर्वाधिक चुका तिथेच होतात. मोजता येणारी वस्तू एकच असेल तर इंग्रजीत तिचे नाम उघडे राहू शकत नाही. त्याच्या पुढे 'ए', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' असे काहीतरी लागतेच. मराठीत तसे काही लागत नाही. 'ती डॉक्टर आहे' या वाक्यात 'एक' घातला तर उलट वाक्य कृत्रिम होते. म्हणून 'शी इज डॉक्टर', 'माय फादर इज फार्मर', 'आय हॅव बायसिकल' अशी वाक्ये जन्माला येतात. मराठी कानाला त्यांत काहीच कमी वाटत नाही, त्यामुळे ही चूक मोठ्याने वाचूनही सापडत नाही. ती डोळ्यांनीच पकडावी लागते. प्रत्येक एकवचनी नामाखाली रेघ ओढायची आणि त्याच्या डावीकडे काही आहे का ते पाहायचे. 'फार्मर'च्या डावीकडे 'इज' आहे, पण ते क्रियापद, ते धरायचे नाही. म्हणजे नाम उघडे आहे, 'ए फार्मर' हवे.

याच्या उलट टोकाला 'वन' आहे. 'एक राजा होता' याचे 'देअर वॉज वन किंग' होते. मराठीतला 'एक' दोन कामे करतो: आकडा सांगतो आणि नव्या पात्राची ओळखही करून देतो. इंग्रजीने ही कामे दोन शब्दांत वाटून दिली आहेत. गोष्टीतल्या राजाला 'ए किंग' म्हणायचे. दोन नव्हे, एकच, असे ठासून सांगायचे असेल तेव्हाच 'वन'.

मोजता येणे म्हणजे काय, हा पुढचा पेच. वस्तू प्रत्यक्षात मोजता येते की नाही याला इथे महत्त्व नाही. इंग्रजी तिला मोजते की नाही, ते पाहायचे. मराठीत सल्ले दोन देता येतात, बातम्या चार ऐकता येतात आणि 'मला एक काम आहे' हे तर दिवसातून दहा वेळा म्हटले जाते. इंग्रजीत 'ॲडव्हाइस', 'न्यूज' आणि 'वर्क' हे तिन्ही शब्द पीठ-पाण्यासारखे आहेत. त्यांना 'ए' लागत नाही, एकेकटे मोजता येत नाही. 'आय हॅव ए वर्क' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत रोज ऐकू येते. ते 'आय हॅव सम वर्क' किंवा 'आय हॅव समथिंग टु डू' असे हवे. सल्ला मोजायचाच असेल तर मराठीत साखरेचे दाणे मोजतात तसे एक माप मध्ये घालायचे: 'ए पीस ऑफ ॲडव्हाइस'. 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' यांच्या बाबतीत खरे तर मराठी मदतीला येते. दोन माहित्या किंवा तीन सामाने असे मराठीतही कोणी म्हणत नाही. तरी 'इन्फर्मेशन्स' लिहिले जाते, याला मराठी जबाबदार नाही. अनेकवचनाला एस लावायचा, हा पाठ मुलांनी जरा जास्तच मनावर घेतलेला असतो.

अशीच अतिदक्षता 'द'च्या बाबतीतही दिसते. उपपद गाळल्याबद्दल वर्षानुवर्षे लाल शाई पाहिलेला विद्यार्थी दहावीला येईपर्यंत जिथे तिथे 'द' पेरू लागतो: 'द लाइफ इज ब्यूटिफुल', 'द सोसायटी मस्ट चेंज', 'द चिल्ड्रन लाइक द चॉकलेट्स'. आयुष्य, समाज, मुले अशा गोष्टींबद्दल सर्वसाधारण विधान करताना इंग्रजीत नाम उघडेच ठेवतात, नेमके मराठीसारखे. 'मुलांना चॉकलेट आवडते' यात कोणती मुले, हा प्रश्न गैरलागू आहे. म्हणून 'चिल्ड्रन लाइक चॉकलेट'. 'द चिल्ड्रन' म्हटले की समोरच्या वर्गातली ठरावीक मुले होतात. 'नेचर' हा शब्द विशेष फसवा आहे. सहलीच्या निबंधात 'द नेचर वॉज व्हेरी ब्यूटिफुल' हे वाक्य हमखास येते आणि त्यातला 'द' काढूनही ते सुधारत नाही. मराठीतला निसर्ग म्हणजे समोर दिसणारे डोंगर-झाडेही असतात आणि सृष्टीचा व्यापक व्यवहारही असतो. इंग्रजी 'नेचर' बहुतेक दुसऱ्याच अर्थाने चालतो. डोळ्यांपुढचा देखावा सांगायचा असेल तर शब्द 'सीनरी', आणि तो ठरावीक जागेचा असल्याने 'द सीनरी'.

विशेषनामांबद्दल पाठ्यपुस्तकांत लांब यादी असते. रोजच्या लेखनाला तिच्यातले थोडेच पुरते. शहर, राज्य, एकटे शिखर, तळे यांना 'द' नाही: पुणे, महाराष्ट्र, कळसूबाई, लोणार लेक. नदी, समुद्र आणि डोंगरांची रांग यांना 'द' हवा: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द सह्याद्रीज'.

'ए' की 'ॲन'

पुढच्या शब्दाची सुरुवात स्वराने झाली तर 'ॲन' येतो. हा नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही, आणि इथे देवनागरी हाताशी असणे हा मराठी विद्यार्थ्याचा मोठा फायदा आहे. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहायचा. 'आवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन आवर', त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आरंभी एच असला तरी. 'युनिव्हर्सिटी' य-काराने सुरू होते, म्हणून 'ए युनिव्हर्सिटी'. 'वन-वे रोड' व-काराने, म्हणून 'ए'. आमदाराला 'ॲन एमएलए' आणि पोलिसातल्या तक्रारीला 'ॲन एफआयआर'.

ही युक्ती एका ठिकाणी दगा देते. वर्ष आणि कान हे दोन्ही शब्द मराठी माणूस 'इयर' असेच उच्चारतो आणि लिहितो. इंग्रजीत वर्षाच्या शब्दाच्या आरंभी स्पष्ट य-कार आहे, कानाच्या शब्दात तो नाही. म्हणून वर्षाला 'ए' आणि कानाला 'ॲन'. वर्षाला 'ॲन' लावलेला दिसला की लिहिणाऱ्याने आपल्या उच्चारावर भरवसा ठेवला हे कळते. नियम त्याने बरोबर पाळलेला असतो, फसवतो तो उच्चार.

एका प्रत्ययाची अनेक रूपे

उपपदांत मराठी विद्यार्थ्याजवळ जाणीव असते पण शब्द नसतात. प्रेपोझिशनच्या बाबतीत नेमके उलटे घडते. इथे त्याच्याजवळ शब्द भरपूर असतात आणि तेच वाट चुकवतात. इंग्रजी 'इन', 'ऑन', 'टु' हे शब्द नामाच्या आधी येतात, मराठीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे. जागेचा हा बदल मुले पहिल्या वर्षातच आत्मसात करतात. अवघड जाते ते हे, की दोन्ही भाषांनी जगाचे तुकडे वेगळ्या रेषांवर कापले आहेत.

सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे शाळेत पाठ करून घेतात. त्यातला 'ई' घ्या. घरी, सोमवारी, सकाळी, रात्री या चारही शब्दांत तो एकच आहे. इंग्रजीत मात्र 'ॲट होम', 'ऑन मंडे', 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट' अशी तीन वेगळी अव्यये लागतात. मराठी मन या चारांत फरक करत नाही, म्हणून 'ॲट मॉर्निंग' किंवा 'इन मंडे' हे त्याला खटकत नाही. यामागचा हिशोब मात्र फार अवघड नाही. वेळेचा टोकदार बिंदू असेल तर 'ॲट' (पाच वाजता, दुपारी बाराला), पूर्ण दिवस किंवा तारीख असेल तर 'ऑन' (सोमवारी, पाच तारखेला), दिवसाहून मोठा काळ असेल तर 'इन' (मे महिन्यात, 2019 साली). दिवसाचे भागही 'इन' घेतात. रात्र हा अपवाद, तो पाठच करायचा. सकाळीला वार जोडला की वार जिंकतो: 'ऑन मंडे मॉर्निंग'. आणि 'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस', 'एव्हरी' यांच्यापैकी काही पुढे आले तर अव्यय नकोच. 'पुढच्या सोमवारी' यातला 'ई' मराठीत टिकतो, म्हणून 'ऑन नेक्स्ट मंडे' लिहिले जाते. बरोबर रूप नुसते 'नेक्स्ट मंडे'. 'घरी गेलो' यातही तेच. 'वेंट टु होम' असे होत नाही, 'वेंट होम' पुरते.

'पासून' हे अव्यय असेच दोन वाटांनी फुटते. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' या मराठीच्या दृष्टीने सारख्याच रचना आहेत. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर 'सिन्स', काळाची लांबी सांगितली तर 'फॉर'. 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स' या वाक्यात म्हणून दोन चुका आहेत. 'टू इयर्स' ही लांबी आहे, तिला 'फॉर' हवा. शिवाय 'राहतो आहे' हा मराठीतला वर्तमानकाळ जसाच्या तसा उतरला आहे. दोन वर्षांपूर्वी सुरू होऊन आजवर चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजी 'आय हॅव बीन लिव्हिंग' असे रूप देते. नुसता 'सिन्स' खोडून 'फॉर' लिहिणारे दुरुस्तीचे अर्धे काम तसेच ठेवतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: 'पासून'च्या आधी आकडा आणि मोजमाप असेल (तीन तास, दोन वर्षे) तर 'फॉर'. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवता येईल असे ठिकाण असेल तर 'सिन्स'.

'डिस्कस अबाउट' कुठून येते

कचेरीतल्या पत्रांत आणि कॉलेजच्या प्रकल्पांत 'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' ही रचना इतकी रुळली आहे की ती चूक आहे यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. भारतात तिला सर्रास वापराचा आधार आहे, आणि बोलण्यात कोणी अडवणार नाही. औपचारिक लेखनात आणि परीक्षेत मात्र ती चूकच धरली जाते. ती येते कुठून, हे पाहण्यासारखे आहे.

मराठीत कितीतरी क्रिया एक नाम आणि 'करणे' किंवा 'देणे' जोडून सांगितल्या जातात: चर्चा करणे, विनंती करणे, प्रवेश करणे, हल्ला करणे, भर देणे, संपर्क साधणे. या रचनेत नामाला आपला प्रत्यय किंवा अव्यय लागते. प्रश्नावर किंवा प्रश्नाबद्दल चर्चा, खोलीत प्रवेश, किल्ल्यावर हल्ला, मुद्द्यावर भर, अधिकाऱ्याशी संपर्क. इंग्रजीतही यांची नामे अशीच अव्यये घेतात: 'डिस्कशन अबाउट', 'एन्ट्री इंटू', 'अटॅक ऑन', 'एम्फसिस ऑन', 'काँटॅक्ट विथ'. पण इंग्रजीत या प्रत्येक नामाला एक स्वतंत्र क्रियापदही आहे आणि त्या क्रियापदाला अव्यय नको असते. ते कर्मावर थेट बसते: 'डिस्कस द प्रॉब्लेम', 'एंटर द रूम', 'अटॅक द फोर्ट', 'एम्फसाइज द पॉइंट', 'काँटॅक्ट द ऑफिसर'. मराठी विद्यार्थी मनात 'चर्चा करणे' म्हणतो, नामाचे अव्यय उचलतो आणि इंग्रजी क्रियापदाच्या शेपटीला बांधतो. म्हणजे चूक एका शब्दाची नाही, एका साच्याची आहे. साचा एकदा लक्षात आला की वीस-पंचवीस क्रियापदे एकदम सुटतात. 'रिक्वेस्ट फॉर' नाम म्हणून बरोबर, क्रियापद म्हणून चूक. 'ऑर्डर फॉर टू बुक्स' नाम असेल तर बरोबर, 'आय ऑर्डर्ड फॉर टू बुक्स' चूक.

याच्या जोडीला 'ला'चा गोंधळ असतो. 'त्याला सांगितले', 'तिला विचारले', 'आईला मदत केली', 'मित्राला भेटलो' या सगळ्यांत 'ला' आहे, आणि 'ला' म्हणजे 'टु' असे समीकरण पाचवीतच बसलेले असते. म्हणून 'टोल्ड टु हिम', 'आस्क्ड टु हर', 'हेल्प्ड टु मदर' असे लिहिले जाते. या सर्व क्रियापदांना 'टु' नको. पण सांगण्याचीच दुसरी क्रियापदे 'टु' मागतात: 'सेड टु हिम', 'एक्स्प्लेन्ड टु हिम'. 'एक्स्प्लेन मी धिस सम' हे गणिताच्या तासाला हमखास ऐकू येणारे वाक्य 'एक्स्प्लेन धिस सम टु मी' असे हवे. एका 'सांगणे'ची इंग्रजीत तीन क्रियापदे होतात आणि तिघांचे वागणे सारखे नाही.

मराठीत 'ला' नसेल तिथे इंग्रजीतला 'टु' गळतो, हेही तितकेच खरे. 'माझे ऐक' यात 'ला' नाही, म्हणून 'लिसन मी'. 'तिची वाट पाहतो' यात षष्ठी आहे, म्हणून 'आय ॲम वेटिंग हर'. 'लिसन टु', 'वेट फॉर', 'लुक ॲट' ही क्रियापदे त्यांच्या अव्ययासकट एकच शब्द आहेत असे धरून पाठ करावी लागतात. अर्थावरून अव्यय काढण्याचा प्रयत्न इथे व्यर्थ जातो.

भावनांच्या शब्दांबद्दलही हेच. मराठीत राग, विश्वास, प्रेम सगळे दुसऱ्या'वर' असते. इंग्रजीत राग 'विथ' घेतो ('अँग्री विथ मी'), नाम म्हणून विश्वास 'इन' घेतो, आणि प्रेमाच्या क्रियापदाला काहीच लागत नाही. 'मला हसला' म्हणा की 'माझ्यावर हसला', इंग्रजीत 'लाफ्ड ॲट मी' एवढेच. 'गणितात हुशार' याचे 'गुड इन मॅथ्स' होते, हवे 'गुड ॲट'. 'तिच्याशी लग्न केले' यातला 'शी' 'मॅरीड विथ हर' असा उतरतो, हवे नुसते 'मॅरीड हर'. 'पेक्षा' म्हणजे 'दॅन', हे समीकरण 'सुपीरिअर' आणि 'प्रिफर' यांसारख्या शब्दांशी फसते. ते 'टु' घेतात.

एक उतारा दुरुस्त करताना

वर्गातल्या निबंधांत येतात तशा वाक्यांचा हा एक रचलेला नमुना. सहलीचे वर्णन आहे: 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स. माय फादर इज इंजिनिअर. ऑन लास्ट संडे वी वेंट टु द कळसूबाई. वी रीच्ड टु बारी व्हिलेज ॲट मॉर्निंग. वन ओल्ड मॅन वॉज सिटिंग निअर टेंपल. ओल्ड मॅन टोल्ड टु अस अबाउट द आयर्न लॅडर्स अँड गेव्ह अस ए गुड ॲडव्हाइस. वी डिस्कस्ड अबाउट द रूट. द नेचर वॉज व्हेरी ब्यूटिफुल.'

अशा उताऱ्यावरून एकदाच नजर फिरवून सगळे शोधू गेले तर निम्मे निसटते. तीन वेळा वाचावे आणि दर वेळी एकच गोष्ट शोधावी. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदे पाहायची आणि त्यांना चिकटलेले अव्यय खरे की उसने ते तपासायचे. 'रीच्ड टु' मधला 'टु' 'बारीला पोहोचलो' मधल्या 'ला'चा आहे, तो जातो. 'टोल्ड टु अस' मधलाही जातो. 'डिस्कस्ड अबाउट' मधला 'अबाउट' 'चर्चा'चा आहे, तोही जातो. 'टोल्ड' नंतरचा दुसरा 'अबाउट' मात्र राहतो, कारण शिड्यांबद्दल सांगितले, शिड्या सांगितल्या नाहीत. दिसेल तो 'अबाउट' खोडायचा नाही, हे इथे कळते. दुसऱ्या वाचनात काळाचे शब्द. 'टेन इयर्स' ही लांबी, म्हणून 'फॉर', आणि क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग'. 'लास्ट संडे' आधीचा 'ऑन' जातो. 'ॲट मॉर्निंग'चे 'इन द मॉर्निंग' होते.

तिसरे वाचन नामांचे, आणि ते सर्वांत सावकाश करायचे. 'इंजिनिअर' उघडे आहे. देवनागरीत ते 'इ'ने सुरू होते, म्हणून 'ॲन इंजिनिअर'. कळसूबाई एकटे शिखर, 'द' जातो. 'वन ओल्ड मॅन' हा गोष्टीतला नवा माणूस, आकडा नव्हे, म्हणून 'ॲन ओल्ड मॅन'. पुढच्या वाक्यात तोच पुन्हा येतो तेव्हा वाचणाऱ्याला ठाऊक झालेला असतो, म्हणून 'द ओल्ड मॅन' किंवा नुसता 'ही'. 'टेंपल' उघडे आहे. इथे 'ए' आणि 'द' दोन्ही शक्य आहेत: गावात एकच देऊळ आहे असे सुचवायचे असेल तर 'द टेंपल', कुठलेसे देऊळ असेल तर 'ए टेंपल'. हा निर्णय व्याकरणाचा नाही, लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला काय सांगायचे ठरवले आहे त्याचा आहे. 'ए गुड ॲडव्हाइस'चे 'सम गुड ॲडव्हाइस' होते. 'आयर्न लॅडर्स' आधीच्या 'द'ला हात लावायची गरज नाही. चढावरच्या शिड्या त्या वाटेच्या ठरलेल्या वस्तू आहेत, जशी घरातले 'द किचन'. शेवटी 'द नेचर'च्या जागी 'द सीनरी'.

दुरुस्त उतारा असा होतो: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स. माय फादर इज ॲन इंजिनिअर. लास्ट संडे वी वेंट टु कळसूबाई. वी रीच्ड बारी व्हिलेज इन द मॉर्निंग. ॲन ओल्ड मॅन वॉज सिटिंग निअर ए टेंपल. ही टोल्ड अस अबाउट द आयर्न लॅडर्स अँड गेव्ह अस सम गुड ॲडव्हाइस. वी डिस्कस्ड द रूट. द सीनरी वॉज व्हेरी ब्यूटिफुल.'

तीन वाचनांनंतरही काही जागा अनिश्चित राहतात, कारण खुद्द इंग्रजी तिथे एकमताने बोलत नाही. दवाखान्यात भरती असलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये 'इन हॉस्पिटल' म्हणतात, अमेरिकेत 'इन द हॉस्पिटल'. शनिवार-रविवार ब्रिटनमध्ये 'ॲट द वीकेंड', अमेरिकेत 'ऑन द वीकेंड'. 'बसमध्ये' याचे भारतात 'इन द बस' सररास चालते, तर त्या दोन्ही देशांत प्रवासी बहुधा 'ऑन द बस' असतो. अशा ठिकाणी एक पद्धत निवडून संपूर्ण लेखनात तीच ठेवली की पुरे.